या चुका टाळा: वक्रकुलातील स्थिरांकांचा लोप करून अवकल समीकरण तयार करताना

वक्रांच्या एखाद्या कुलाचे समीकरण दिलेले असते, त्यात एक किंवा अधिक स्वेच्छ स्थिरांक असतात, आणि त्या स्थिरांकांचा लोप करून त्या कुलातील प्रत्येक वक्राला लागू पडेल असे अवकल समीकरण मिळवायचे असते. बारावीच्या गणितात हा भाग सोपा समजला जातो, कारण त्यात अवकलन आणि थोडे बीजगणित याखेरीज काही लागत नाही. तरीही उत्तरपत्रिका तपासताना मला असे दिसते की चुका बहुधा अवकलनात होत नाहीत. त्या अवकलन सुरू करण्याआधी, म्हणजे स्थिरांक मोजताना होतात, किंवा अवकलन संपल्यावर, म्हणजे प्रत्यक्ष लोप करताना होतात.

पहिली आणि सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे अक्षरे मोजून तितक्या वेळा अवकलन करणे. समीकरणात जितके परस्परांपासून स्वतंत्र स्वेच्छ स्थिरांक असतात तितकी अवकल समीकरणाची कोटी असते, हा नियम बरोबर आहे. मात्र त्यातला “स्वतंत्र” हा शब्द वाचताना गळून पडतो. पुढील कुल पाहा:

y = a·e^(x+b)

येथे a आणि b अशी दोन अक्षरे दिसतात, म्हणून विद्यार्थी दोनदा अवकलन करतो आणि y'' = y असे उत्तर लिहितो. ते समीकरण या कुलातील प्रत्येक वक्राला लागू पडतेच, त्यामुळे उत्तर चुकले आहे अशी शंकाही येत नाही. पण e^(x+b) म्हणजे e^b·e^x. त्यामुळे a·e^b हा एकच स्थिरांक ठरतो, त्याला k म्हटले की कुल y = k·e^x एवढेच उरते आणि योग्य उत्तर y' = y हे येते. y'' = y या समीकरणात बिघाड कोठे आहे, हे y = e^(−x) हा वक्र घेऊन लगेच कळते: तो त्या समीकरणाचे समाधान करतो, परंतु k ची कोणतीही किंमत घेतली तरी तो मूळ कुलात येत नाही. गरजेपेक्षा जास्त वेळा अवकलन केले की समीकरण सैल होते आणि कुलाबाहेरचे वक्र त्यात शिरतात.

हे ओळखण्यासाठी मी एक साधी परीक्षा सुचवतो. स्थिरांकांना निरनिराळ्या किमती देऊन तोच वक्र पुन्हा मिळतो का ते पाहावे. वरच्या उदाहरणात a = e, b = 0 घेतले काय आणि a = 1, b = 1 घेतले काय, वक्र y = e^(x+1) हाच येतो. थोडे अवघड उदाहरण असे आहे:

y = a·cos(x+b) + c·sin x

तीन अक्षरे आहेत, म्हणून तिसऱ्या कोटीचे समीकरण अपेक्षित वाटते. पण a = 1, b = 0, c = 1 घेतल्यास y = cos x + sin x मिळते, आणि a = √2, b = −π/4, c = 0 घेतल्यासही तेच मिळते. पदे उलगडून लिहिली तर कारण स्पष्ट होते: cos x चा सहगुणक a·cos b आहे, sin x चा सहगुणक c − a·sin b आहे, म्हणजे खरे स्थिरांक दोनच आहेत आणि उत्तर y'' + y = 0 हे आहे. तीनदा अवकलन करणाऱ्याला y''' + y' = 0 मिळते, ज्याचे समाधान y = 5 ही आडवी रेषाही करते; ती रेषा या कुलात कोठेच नाही.

या परीक्षेची एक मर्यादा लक्षात ठेवावी लागते. y = a·cos(x+b) या कुलात b मध्ये 2π मिळवले तरी वक्र बदलत नाही, परंतु त्यामुळे स्थिरांक एकाने कमी होत नाही, कारण ही पुनरावृत्ती ठरावीक अंतराने येते. एक स्थिरांक हळूहळू सरकवत नेला आणि दुसरा त्याच्या जोडीने बदलत ठेवून वक्र जागच्या जागी राखता आला, तरच एक अक्षर जादा आहे असे समजावे. म्हणूनच परीक्षेने शंका घ्यावी, पण निर्णय मात्र पदे उलगडून स्थिरांक एकत्र करूनच करावा.

याच्या नेमकी उलट चूक म्हणजे दिलेल्या संख्येलाही स्वेच्छ स्थिरांक समजून तिचा लोप करायला जाणे. “त्रिज्या 5 असलेल्या आणि केंद्र X-अक्षावर असलेल्या वर्तुळांचे अवकल समीकरण काढा” या प्रश्नात समीकरण (x − h)² + y² = 25 असे आहे, आणि बदलणारे अक्षर h एकटेच आहे. एकदा अवकलन केल्यावर x − h = −y·y' मिळते, ते मूळ समीकरणात ठेवले की

y²·(y')² + y² = 25

हे उत्तर तयार होते. शेवटी 25 शिल्लक दिसल्यामुळे अनेक जण आणखी एकदा अवकलन करून तो घालवतात आणि उत्तराची कोटी विनाकारण वाढवतात. 25 हा कुलातील सर्व वर्तुळांना समान असलेला अंक आहे, तो उत्तरात राहिलाच पाहिजे. तो घालवला तर त्रिज्या 5 असल्याची माहितीच समीकरणातून निघून जाते. प्रश्नात आकड्याऐवजी r अक्षर असेल तर “स्थिर त्रिज्या r” असे म्हटले आहे की नाही हे वाचूनच पुढे जावे.

आता प्रत्यक्ष लोपाकडे येऊ. X-अक्षाला आरंभबिंदूपाशी स्पर्श करणाऱ्या वर्तुळांचे कुल घ्या. केंद्र (0, a) आणि त्रिज्या a ची केवल किंमत, म्हणून समीकरण x² + y² = 2ay होते. अवकलन केल्यावर

x + y·y' = a·y'

हे मिळते, आणि येथे पुष्कळ विद्यार्थी थांबतात. समीकरणात y' आला म्हणजे ते अवकल समीकरण झाले, असा त्यांचा समज असतो. परंतु a अजून तेथेच आहे, म्हणजे हे एका विशिष्ट वर्तुळापुरतेच बोलते, कुलाविषयी नाही. मूळ समीकरणातून a = (x² + y²)/(2y) ही किंमत घेऊन येथे ठेवावी लागते, आणि मग सरळरूप दिल्यावर

(x² − y²)·y' = 2xy

हे उत्तर येते. मूळ समीकरण आणि अवकलनाने मिळालेले समीकरण ही दोन्ही हाताशी ठेवायची असतात, हे विसरल्यामुळेच ही अडचण येते.

मला स्वतःला दुसरी रीत अधिक सुरक्षित वाटते: शक्य असेल तेथे अवकलनाआधीच स्थिरांक एकटा एका बाजूला आणावा. वरचे समीकरण (x² + y²)/y = 2a असे लिहिले की उजव्या बाजूचे अवकलन शून्य होते, a आपोआप निघून जातो आणि नंतर किंमत ठेवण्याची पायरीच उरत नाही. छेदात y आल्यामुळे y ≠ 0 ही अट मात्र लिहावी; येथे y = 0 केवळ आरंभबिंदूपाशीच येते, म्हणून काही बिघडत नाही.

चिन्हाची चूक झाली आहे का, हे कसे कळावे? कुलातला एक वक्र आणि त्यावरचा सोपा बिंदू निवडावा. a = 5 घेतल्यास केंद्र (0, 5), आणि (3, 9) हा बिंदू वर्तुळावर आहे, कारण 9 + 81 = 90 आणि 10 × 9 = 90. केंद्रापासून या बिंदूपर्यंतच्या त्रिज्येचा चढ 4/3 आहे, म्हणून स्पर्शिकेचा चढ −3/4 असला पाहिजे. आपल्या समीकरणात x आणि y च्या किमती ठेवल्या तर (9 − 81)·y' = 54, म्हणजे y' = −3/4. कोणी चुकून (x² + y²)·y' = 2xy लिहिले असते, तर 90·y' = 54 येऊन चढ 3/5 निघाला असता आणि चूक तेथेच उघडी पडली असती.

दोन स्थिरांक असले की सर्वाधिक घोटाळा दुसऱ्या अवकलनात होतो. Ax² + By² = 1 हे कुल घेऊ. पहिल्या अवकलनाने Ax + B·y·y' = 0 मिळते. आता y·y' या पदाचे अवकलन करताना y हेसुद्धा x चे फल आहे हे नजरेआड होते आणि गुणाकाराचा नियम न लावता केवळ y·y'' लिहिले जाते. खरे अवकलन y·y'' + (y')² आहे. येथेही स्थिरांक वेगळा काढण्याची रीत कामाला येते: पहिल्याच समीकरणातून y·y'/x = −A/B असे लिहावे, उजवी बाजू स्थिर आहे, म्हणून आणखी एकदा अवकलन केले की

x·y·y'' + x·(y')² − y·y' = 0

हे उत्तर एका पायरीत हाती येते. तपासणीसाठी x² + y² = 25 हे वर्तुळ आणि (3, 4) हा बिंदू घ्या. तेथे y' = −3/4 आणि y'' = −25/64 आहे. तीन पदांच्या किमती अनुक्रमे −75/16, 27/16 आणि 48/16 येतात, आणि त्यांची बेरीज शून्य होते. मधले पद गाळलेल्या उत्तरात याच किमती ठेवल्या तर −27/16 उरते. काय गळाले तेच या संख्येवरून कळते, कारण ती नेमकी x·(y')² या पदाचीच उणी किंमत आहे.

या उदाहरणात एक बारकावा आहे, आणि हुशार विद्यार्थी तो विचारतात. y = 2x ही रेषा वरील समीकरणाचे समाधान करते, मग ती कुलात का नाही? लोप करताना मूळ समीकरणातला 1 वापरलाच गेला नाही, तो पहिल्या अवकलनातच नाहीसा झाला; म्हणून आपले समीकरण Ax² + By² = 0 याही वक्रांना, म्हणजे आरंभबिंदूतून जाणाऱ्या रेषांना लागू पडते. ही आधीसारखी कोटी चुकल्याची खूण नाही. कोटी दोनच आहे आणि स्थिरांकही दोनच आहेत. येथे केवळ कुलाच्या काठावरचे वक्र आत आले आहेत.

त्रिज्या 5 च्या वर्तुळांच्या बाबतीतही असेच घडते. y²·(y')² + y² = 25 या समीकरणात y = 5 ठेवा: y' शून्य होतो आणि समीकरण पूर्ण होते. y = 5 आणि y = −5 या रेषा त्या कुलातील वर्तुळे नाहीत, पण प्रत्येक वर्तुळाला वरून आणि खालून स्पर्श करतात, त्यामुळे स्पर्शाच्या बिंदूपाशी त्यांचा चढ त्या वर्तुळाच्या चढाइतकाच असतो आणि समीकरणाला दोघांत फरक करता येत नाही. म्हणून उत्तर तपासताना एखादा जादा वक्र सापडला, तर पहिल्यांदा स्थिरांक पुन्हा मोजावेत. मोजणी बरोबर निघाली, तर तो वक्र कुलाला सर्वत्र स्पर्श करणारा आहे की लोपाच्या ओघात आत आलेला आहे ते पाहावे, आणि उत्तर बदलू नये.