नॅसमधली एक डिस्क गेली? या चुका टाळा, आणि खण उजवीकडून मोजू नका

नॅस, म्हणजे घरातल्या फायली साठवणारा डिस्कांचा डबा, बीप करायला लागला की माणसाचा हात आधी खणाकडे जातो. तिथेच घात होतो. पडद्यावर Degraded दिसतं तेव्हा डेटा अजून शाबूत असतो. चार डिस्कांच्या रेड ५ मध्ये एक डिस्क गेली, तर तिच्यावरचं सगळं उरलेल्या तिघींवरून हिशोबाने काढता येतं. दुसरीही गेली की संपलं. आणि मी पाहिलेल्या बऱ्याच घरांत ही दुसरी डिस्क आपणहून गेली नव्हती, घरच्याच कुणी ओढून काढली होती.

इंदूरला रामबागेतले आमचे एक काका. चार खणांचा डबा, प्रत्येकी ४ टीबीच्या डिस्का, लेकीच्या लग्नाचे फोटो आणि चाळीस वर्षांची कागदपत्रं त्यात. पडद्यावर तिसरी डिस्क गेल्याचं आलं. डब्याचा नंबर डावीकडून चालतो, काकांनी चालू करायच्या बटणाकडून, म्हणजे उजवीकडून मोजलं आणि चालू डब्यातून दुसरी, धडधाकट डिस्क काढली. चूक लक्षात येताच लगेच परत बसवली, पण ॲरे, म्हणजे डिस्कांचा जोडलेला संच, तिला आत घेईना. वर पडदा नवीन पूल Create करायचं सुचवत होता आणि फोनवरचा भाचा म्हणत होता, "दाबून टाका, आपोआप होईल." नशीब, त्याआधी काकांनी मला विचारलं.

ते बटण जुना ॲरे जोडत नाही, नवा मांडतं. तेव्हा ते दाबायचं नाही. डबा नीट बंद करायचा, चांगल्या तीन डिस्का आपापल्या खणात ठेवायच्या, खरोखर गेलेली बाहेर काढायची, मग डबा चालू करून एसएसएचने आत शिरून रूट व्हायचं.

```
cat /proc/mdstat
mdadm --examine /dev/sd[abd]3 | grep -E 'dev|Events'
```

प्रत्येक डिस्क ॲरेतल्या बदलांचा एक आकडा जपते, तो Events. काकांच्या दोन डिस्कांवर तो ४८२१० होता, काढून परत बसवलेलीवर ४८१९७. तेराचा फरक म्हणजे ती अगदी थोडीच मागे पडली होती. अशा वेळी ॲरे बळजबरीने जोडता येतो:

```
mdadm --stop /dev/md2
mdadm --assemble --force /dev/md2 /dev/sda3 /dev/sdb3 /dev/sdd3
```

नावं तुमच्या डब्यातली टाका, माझी जशीच्या तशी उतरवू नका. फरक हजारांत असेल तर इथेच थांबून डेटा काढून देणाऱ्याकडे जा. ॲरे उभा राहिला तरी आधी `mount -o ro` ने फक्त वाचण्यापुरता उघडा. काकांचे फोटो दिसले तेव्हा काकूंनी चहा टाकला, काका मात्र अर्धा तास गप्पच होते.

हे सगळं टाळायला दोन मिनिटं पुरतात. `smartctl -i /dev/sdc` दिलं की डिस्कचा सिरियल नंबर मिळतो, तोच तिच्या लेबलवर छापलेला असतो. गेलेली डिस्क उत्तरच देत नसेल तर उलटं करा: चांगल्या तिघींचे नंबर लिहून घ्या, उरलेली ती गेलेली. मी तर डिस्क घेतानाच नंबरची चिठ्ठी ट्रेच्या तोंडावर चिकटवतो. आणि चालू डब्यातून डिस्क काढता येते हे ठाऊक असूनही डबा बंद करूनच काढतो. लोक हसतात, हसू देत.

दुसरी मोठी चूक म्हणजे नवी डिस्क आणली की लगेच रिबिल्ड, म्हणजे गेलेल्या डिस्कचा डेटा नवीवर पुन्हा मांडणं, सुरू करणं. रिबिल्डमध्ये उरलेल्या तिन्ही डिस्का पहिल्या कोपऱ्यापासून शेवटच्यापर्यंत वाचल्या जातात. ४ टीबीला सेकंदाला १२० एमबीचा वेग धरला तरी नऊ तासांवर लागतात, आणि त्या वेळात घरात कुणी सिनेमा लावला की आणखी. एकाच दिवशी घेतलेल्या, एकाच वयाच्या डिस्का. वर्षानुवर्षं न वाचलेला खराब सेक्टर नेमका इथेच सापडतो. म्हणून आधी परत न मिळणाऱ्या गोष्टी यूएसबी डिस्कवर उतरवा. सिनेमे राहू द्या.

बाकीच्या चुका थोडक्यात. `smartctl -A` मध्ये १९९ नंबरचा, म्हणजे डेटा ने-आण करतानाच्या चुकांचा, आकडा वाढतोय आणि ५ व १९७, म्हणजे खराब सेक्टरांचे आकडे, शून्यावर आहेत, तर दोष बहुधा केबलचा किंवा खणाचा. डिस्क फेकू नका. नवी डिस्क जुनीएवढी किंवा मोठी हवी. स्वस्तात मिळते म्हणून एसएमआर, म्हणजे एकावर एक पट्टे चढवून लिहिणाऱ्या, जातीची घेऊ नका, रिबिल्डमध्ये ती रडवते; दुकानदाराला कळत नसेल तर मॉडेल नंबर घरी येऊन तपासा, मग पैसे द्या.

आणि डबा यूपीएसवर हवाच. डिग्रेडेड रेड ५ लिहीत असताना लाइट गेली, तर पुढच्या वेळी तो आपणहून उभा राहायला नकार देऊ शकतो. काकांनी नवी डिस्क जेल रोडवरून आणली, शनिवारी रात्री बसवली. पहाटे पावसाबरोबर लाइट गेली, यूपीएस टूं टूं करत राहिला, आणि रविवारी दुपारी mdstat मध्ये `[UUUU]` आलं.