नोम सॉर्ट आणि इन्सर्शन सॉर्ट: फरक नेमका कुठे आहे

दुसऱ्या वर्षाच्या तोंडी परीक्षेत मला विचारलं गेलं, "नोम सॉर्ट आणि इन्सर्शन सॉर्ट, दोन्ही O(n²). मग फरक काय?" मी म्हणाले, "नोम सॉर्टचा कोड लहान असतो." ते खरं होतं, पण ते उत्तर नव्हतं. खरं उत्तर त्या रात्री वहीवर पाच आकडे मांडून तुलना मोजल्या तेव्हा मिळालं. नव्याने शिकणाऱ्यांनीही हे एकदा हाताने करून पाहावं.

हमीद सरबाझी-आझाद यांनी 2000 साली हा अल्गोरिदम मांडला. नोम सॉर्ट हे नाव डिक ग्रून यांनी दिलं. त्यांच्या वर्णनात बागेतला एक डच बुटका कुंड्यांची रांग लावतो. तो समोरची कुंडी आणि तिच्या मागची कुंडी बघतो. क्रम बरोबर असेल तर एक पाऊल पुढे जातो, नसेल तर दोघींची अदलाबदल करून एक पाऊल मागे येतो. मागे कुंडीच नसेल तर पुढे जातो, आणि रांग संपली की काम संपलं.

```python
def gnome(a):
    i = 0
    while i < len(a):
        if i == 0 or a[i-1] <= a[i]:
            i += 1
        else:
            a[i-1], a[i] = a[i], a[i-1]
            i -= 1
```

आता 4 6 8 3 5 घ्या. पहिल्या दोन तुलना (4-6, 6-8) बरोबर निघतात. मग 3 येतो आणि 8, 6, 4 यांच्याशी अदलाबदल करत सुरुवातीला पोचतो. आतापर्यंत पाच तुलना झाल्या. इन्सर्शन सॉर्ट प्रत्येक नवा आकडा मागच्या लावलेल्या आकड्यांत योग्य जागी बसवतो आणि मग थेट पुढच्या न लावलेल्या आकड्याकडे जातो. त्यानेही इथवर पाचच केल्या असत्या.

खरा फरक यानंतर दिसतो. बुटका सुरुवातीला उभा आहे आणि आपण कुठून मागे आलो हे त्याला आठवत नाही. म्हणून तो 3-4, 4-6, 6-8 असं पुन्हा तपासत पुढे येतो, आणि या तिन्ही तुलनांतून काहीही नवं कळत नाही. पुढे 5 दोन पावलं मागे जातो आणि 4 पाशी थांबतो. तिथून परत पुढे येताना आणखी दोन तुलना वाया जातात. एकूण 13 तुलना झाल्या. इन्सर्शन सॉर्ट हेच काम 8 तुलनांत करतो.

या 5 चा फरक योगायोगाने आलेला नाही. चुकीच्या क्रमात असलेल्या जोड्या मोजा: 4-3, 6-3, 8-3, 6-5, 8-5. त्याही पाचच. प्रत्येक अदलाबदल अशी एकच जोडी सुधारते आणि बुटक्याला एक पाऊल मागे नेते. ते पाऊल त्याला परत पुढे टाकावं लागतं, म्हणून जितक्या उलट्या जोड्या तितक्या जादा तुलना. पूर्ण उलट्या क्रमातल्या 1000 वेगवेगळ्या आकड्यांना इन्सर्शन सॉर्ट 4,99,500 तुलना करतो आणि नोम सॉर्ट 9,99,000, म्हणजे बरोबर दुप्पट. यादी आधीच लावलेली असेल तर दोघांच्या 999 च होतात.

कोड लिहिताना दोन जागी फार जपावं लागतं. पहिली जागा `<=` ची. तिथे `<` लिहिलं आणि दोन आकडे सारखे आले, तर बुटका त्यांची अदलाबदल करून मागे जातो, परत येतो, पुन्हा अदलाबदल करतो, आणि लूप कधीच थांबत नाही. इन्सर्शन सॉर्टमध्ये हीच चूक झाली तर फक्त सारख्या आकड्यांचा मूळ क्रम बिघडतो, प्रोग्राम संपतो. म्हणून चाचणीच्या यादीत एक तरी आकडा दोनदा ठेवा, माझ्या पहिल्या चाचणीत तो नव्हता.

दुसरी जागा `i == 0` ची. पायथॉनमध्ये `a[-1]` म्हणजे शेवटचा घटक. ही अट विसरलात तर वरच्या यादीत पहिलीच तुलना शेवटच्या 5 ची पहिल्या 4 शी होते आणि दोन्ही टोकं आपसांत बदलली जातात. प्रोग्राम पुढे बराच चालतो आणि मग `IndexError` देऊन पडतो, त्यामुळे चूक सुरुवातीलाच झाली होती हे चटकन लक्षात येत नाही.

बुटक्याला जागा लक्षात ठेवायला शिकवता येतं. मागे वळताना `i` दुसऱ्या व्हेरिएबलमध्ये जपून ठेवायचा आणि घटक जागेवर बसला की थेट त्या जपलेल्या जागेच्या पुढे उडी मारायची. वरची यादी मग 8 तुलनांत लागते, कारण हा आता इन्सर्शन सॉर्टच झाला. उरतो तो फक्त लिहिण्याचा फरक. पाच अदलाबदलींत अ‍ॅरेमध्ये 10 वेळा लिहावं लागतं. 3 हातात धरून 8, 6, 4 एकेक घर पुढे सरकवले आणि शेवटी तो ठेवला तर चारच वेळा लिहावं लागतं, 5 साठी तीन वेळा, मिळून 7.