रिव्ह्यूचा मेसेज बदलला

लातूरला आमचं मोटार रिवायंडिंगचं दुकान आहे. गिऱ्हाइकांना जुना मेसेज जायचा: "सेवा आवडली असल्यास ५ स्टार द्या, पुढच्या कामात ५० रुपये सूट." सोबत लिंक नुसती नकाशाची, त्यात रिव्ह्यूची जागा शोधत बसावं लागायचं. शिवाय सूट देऊन किंवा फक्त खूश गिऱ्हाइकांकडूनच रिव्ह्यू मागणं गूगलच्या नियमात बसत नाही.

गूगल बिझनेस प्रोफाइलमधून रिव्ह्यूची थेट लिंक मिळते. गूगल खातं चालू असलेल्या फोनवर ती दाबली की तारे समोरच दिसतात. ती लावून नवा मेसेज केला:

"रामराम काका, मोटार नेऊन आठवडा झाला. काम वेळेत झालं का, पाणी नीट चढतंय का, चांगलं-वाईट जे असेल ते दोन ओळींत इथं लिहा. नाही जमलं तरी हरकत नाही."

खाली फक्त लिंक. मोटार दिल्या दिवशी पाठवत नाही. विहिरीवर बसवून पाणी चालू झाल्याशिवाय माणूस लिहिणार तरी काय? आणि जातो सगळ्यांनाच, कुरकुर करून गेलेल्यांनाही. एकानं ३ तारे देऊन लिहिलं, "काम पक्कं, पण दोन दिवस उशीर." मला हा रिव्ह्यू फार मोलाचा वाटतो. त्याखाली उशिराचं कारण लिहिलं आणि आता पावतीवरच तारीख टाकून देतो.