रिचार्ज झाला तरी डिशचे चॅनेल बंदच? या चुका टाळा

खात्यातून पैसे गेले, ‘रिचार्ज यशस्वी’ असा मेसेज आला, तरी टीव्हीवर पाटी तीच: ‘रिचार्ज करा’ किंवा ‘हा चॅनेल तुमच्या पॅकमध्ये नाही’. मग घरातलं कुणीतरी उठतं आणि बॉक्सचं बटण बंद-चालू करायला लागतं. एकदा, दोनदा, दहा वेळा. चॅनेल लागायला त्यानेच आणखी उशीर होतो. बॉक्सला परवानगी कुठून आणि कशी मिळते हे एकदा लक्षात आलं, की पुढच्या सगळ्या चुका आपोआप समजतात.

बॉक्स फक्त ऐकतो

छतावरची छत्री उपग्रहाकडून सिग्नल घेते, वर काहीच पाठवत नाही. त्यामुळे ‘माझे पैसे जमा झाले का?’ असं बॉक्सला कंपनीला विचारता येत नाही. पैसे भरल्यावर ते तुमच्या ग्राहक क्रमांकावर जमा होतात. मग कंपनीची यंत्रणा तुमच्या बॉक्सच्या किंवा कार्डाच्या क्रमांकासाठी एक छोटा परवानगी-संदेश तयार करते. हा संदेश जमिनीवरच्या केंद्रातून उपग्रहाकडे जातो आणि तिथून चॅनेलच्या सिग्नलबरोबरच देशभर उतरतो. तो पडतो लाखो छत्र्यांवर, पण ज्या बॉक्सचा क्रमांक जुळतो तोच तो उघडतो आणि जपून ठेवतो. कोणते चॅनेल दाखवायचे आणि कोणत्या तारखेपर्यंत, एवढंच त्यात असतं.

चॅनेलचं चित्र कुलूपबंद होऊनच येतं आणि त्या कुलपाची किल्ली दर काही सेकंदांनी बदलते. नवी किल्लीही सिग्नलमधूनच येते, पण परवानगी शिल्लक असलेल्या बॉक्सलाच ती वापरता येते. म्हणून मुदत संपली की चित्र एकदम जातं आणि परवानगी मिळताच, काही न दाबता, पुन्हा येतं.

संदेश बॉक्सपर्यंत पोचला की नाही, हे कंपनीला कळायचा मार्ग नसतो. म्हणून तोच संदेश पुन्हा पुन्हा पाठवला जातो. सुरुवातीला वरचेवर, नंतर विरळ, आणि काही काळाने तो रांगेतून मागे पडतो. रिफ्रेश मागणं म्हणजे तोच संदेश पुन्हा रांगेच्या पुढे आणायला सांगणं. रिफ्रेशने पॅक बदलत नाही, शिल्लक वाढत नाही आणि छत्रीही दुरुस्त होत नाही.

बॉक्स बंद ठेवून आधीच रिचार्ज करणं

ही सगळ्यात जास्त होणारी चूक आहे. समजा, पुण्यातलं एक कुटुंब गणपतीला कोकणात गेलंय. निघताना मेन स्विच बंद केलाय. तिकडे असतानाच पॅक संपला. परतायच्या चार दिवस आधी कुणीतरी फोनवरून रिचार्ज मारला, घरी पोचेपर्यंत चॅनेल सुरू झालेले असतील या हिशेबाने. संदेश निघाला, उपग्रहावरून उतरला, पण घरातला बॉक्स बंद. घरी आल्यावर बॉक्स लावला तेव्हा त्याच्याकडे जुनीच, संपलेली परवानगी. संदेश वरचेवर येण्याचा काळ उलटून गेलेला.

अशा वेळी करायचं ते एवढंच. बॉक्स लावा आणि लाल दिव्यावर, म्हणजे स्टँडबायवर, न सोडता पूर्ण चालू करा. बंद असलेलाच एखादा चॅनेल लावून ठेवा. स्क्रीनवर विशिष्ट चॅनेल लावायला सांगितलं असेल तर तो लावा. मग कंपनीच्या ॲपमधून, वेबसाइटवरून किंवा नोंदवलेल्या मोबाइलवरून कस्टमर केअरला फोन करून रिफ्रेश मागा. त्यानंतर अर्धा तास बॉक्सला हात लावू नका. चॅनेल बदलला तरी चालतं, पण वीज तोडायची नाही. बहुतेक वेळा काही मिनिटांतच चित्र येतं. बॉक्स बंद असताना आधी रिफ्रेश मागायचा आणि मग बॉक्स लावायचा, हा उलटा क्रम मात्र टाळा.

दर दोन मिनिटांनी बॉक्स बंद-चालू करणं का नडतं, तेही यातच आलं. सुरू होताना बॉक्स सिग्नल शोधतो, चॅनेलची यादी वाचतो, आणि तेवढा वेळ त्याला संदेश ऐकू येत नाही. बॉक्स अडकल्यासारखा वाटत असेल तर एकदा वीज काढून, मिनिटभर थांबून लावणं ठीक आहे. त्यानंतर रिफ्रेश, आणि मग थांबायचं.

दुसऱ्या टीव्हीचा बॉक्स विसरणं

खातं एक असलं तरी दोन टीव्हींचे बॉक्स दोन असतात, आणि प्रत्येक बॉक्सला त्याच्या स्वतःच्या क्रमांकाचा संदेश लागतो. हॉलमधला टीव्ही लागला आणि बेडरूममधला नाही, याचा अर्थ बहुधा इतकाच की रिफ्रेश दिला तेव्हा बेडरूममधला बॉक्स बंद होता. दोन्ही चालू करून पुन्हा रिफ्रेश मागा, आणि फोनवर मागत असाल तर ‘दोन्ही बॉक्सना द्या’ असं स्पष्ट सांगा.

सिग्नल नसताना रिफ्रेश मागत राहणं

स्क्रीनवरची पाटी नीट वाचा. कोड कंपनीगणिक वेगळे असतात, वाक्य जास्त कामाचं. ‘सबस्क्राइब केलेला नाही’, ‘रिचार्ज करा’ असं असेल तर अडचण परवानगीची. ‘सिग्नल उपलब्ध नाही’ असं असेल तर संदेश यायची वाटच बंद आहे, मग दहा वेळा रिफ्रेश मागून उपयोग नाही. पावसाळ्यात ढग दाटून आले की असं होतंच, कारण आपल्याकडच्या डिश ज्या लहरींवर चालतात त्यांना जोरदार पाऊस अडवतो. पाऊस ओसरू द्या, बॉक्सच्या मेनूत सिग्नलची पट्टी पाहा, आणि ती स्थिर झाल्यावर रिफ्रेश मागा.

यात फसवणारा एक प्रकार आहे. निम्मे चॅनेल छान लागतात, निम्म्यांवर ‘सिग्नल नाही’, आणि लोकांना वाटतं अर्धाच रिचार्ज लागला. छत्रीच्या पुढे बसवलेल्या एलएनबीला बॉक्स 13 किंवा 18 व्होल्ट देऊन चॅनेलचे दोन गट निवडतो. वायरचा जोड ओला किंवा सैल झाला की 18 व्होल्टचा गट आधी जातो. बॉक्सची वीज बंद करून मागचा वायरचा जोड हाताने घट्ट करा. जमलं नाही तर तंत्रज्ञ बोलवा. रिचार्जशी याचा काही संबंध नाही.

पुरते पैसे न भरणं

बहुतेक कंपन्या महिन्याचे पैसे एकदम न घेता शिल्लक रोज थोडी थोडी कापतात. वरच्याच घराचा हिशेब करू. पहिल्या टीव्हीचा पॅक महिन्याला 330 रुपये, नंतर घेतलेल्या दुसऱ्याचा 210. एकूण 540, म्हणजे दिवसाला 18 रुपये. सवयीने जुनेच 330 भरले तर ते जेमतेम 18 दिवस पुरतात. मागच्या महिन्यात तीन दिवसांची उधार मुदत घेतली असेल तर त्याचे 54 रुपये आधी वळते होतात, उरतात 276, म्हणजे 15 दिवस. मग महिना संपायच्या आत चॅनेल जातात आणि ‘रिचार्ज तर केला होता’ असं वाटतं. ॲपमध्ये तीन गोष्टी पाहा: आजची शिल्लक, पुढची मुदत आणि महिन्याचा एकूण आकार. शिल्लक दिसते पण खातं निष्क्रियच असेल, तर खातं सुरू करायला लागणाऱ्या रकमेपेक्षा ती कमी पडतेय. तिथे रिफ्रेश चालणार नाही, फरक भरावा लागेल.

सगळे चॅनेल लागले आणि एक-दोनच अडले असतील तर ॲपमधल्या यादीत ते चॅनेल आहेत का ते पाहा. किंमत किंवा पॅक बदलताना चॅनेल यादीतून निघून जातात. यादीत नसलेल्याला रिफ्रेशने परवानगी मिळणार नाही, तो स्वतंत्र जोडावा लागतो. आणि चॅनेल चार आकडी पिन मागत असेल तर ते मुलांसाठी लावलेलं कुलूप आहे. बॉक्सच्या सेटिंगमध्ये जाऊन ते काढा.

फॅक्टरी रीसेट आणि कार्डाशी खेळ

फॅक्टरी रीसेटने आवडत्या चॅनेलची यादी आणि सेटिंग पुसली जातात. परवानगी मात्र वरूनच यायची असते, ती रीसेटने येत नाही. उलट बॉक्स पुन्हा चॅनेल शोधत बसतो आणि तेवढा वेळ जातो. ‘कार्ड वाचता येत नाही’, ‘कार्ड घाला’ अशी पाटी असेल तरच कार्डाला हात लावा. बॉक्सची वीज बंद करून कार्ड काढा, सोनेरी चिप कोरड्या सुती कापडाने हलकेच पुसा, होती त्याच बाजूने परत बसवा. पाणी किंवा स्पिरिट नको. शेजाऱ्यांच्या बॉक्समध्ये घालून पाहू नका, बहुतेक कार्डं त्यांच्या बॉक्सशी बांधलेली असतात. नव्या बऱ्याच बॉक्समध्ये कार्ड नसतंच.

पैसे अडकलेले असताना पुन्हा भरणं

दुसऱ्यांदा रिचार्ज मारण्याआधी कंपनीच्या ॲपमध्ये रक्कम जमा दिसते का ते बघा. पैसे भरण्याच्या ॲपमधली हिरवी खूण पुरेशी नाही. तिथे ‘प्रलंबित’ असेल तर परवानगी-संदेश तयारच झालेला नाही. ग्राहक क्रमांकाचा प्रत्येक आकडा बॉक्सच्या मेनूत दिसणाऱ्या क्रमांकाशी ताडून पाहा, कारण जुन्या घराचा किंवा भावाचा क्रमांक ॲपमध्ये साठवलेला असतो आणि रिचार्ज तिकडे जातो. यूपीआयने खात्यातून पैसे गेले पण दुकानदाराला, इथे कंपनीला, पक्की पोच मिळाली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या 2019 च्या नियमानुसार व्यवहाराच्या दिवसानंतर 5 दिवसांत ते आपोआप परत यायला हवेत, आणि त्याहून उशिरासाठी दिवसाला 100 रुपये भरपाई आहे. त्यासाठी व्यवहार क्रमांकाचा स्क्रीनशॉट ठेवा.

कस्टमर केअरचा नंबर गुगलवर शोधू नका. खोटे नंबर वर दिसतात, आणि ‘चॅनेल चालू करून देतो’ म्हणत स्क्रीन दाखवणारं ॲप टाकायला लावून खातं रिकामं करतात. नंबर बॉक्सच्या मेनूतून किंवा कंपनीच्या ॲपमधूनच घ्या. रिफ्रेशसाठी पिन किंवा कार्डाची माहिती कधीच लागत नाही. पैसे गेलेच तर लगेच 1930 वर फोन करा.

जमा रक्कम दिसते, सिग्नलची पट्टी भरलेली आहे, चालू बॉक्सला दोन वेळा रिफ्रेश दिला, तासभर गेला, तरी चॅनेल नाहीत, तर दोष कार्डात किंवा बॉक्समध्ये असू शकतो, किंवा खात्यावर बॉक्सचा क्रमांक चुकीचा नोंदलेला असतो. बॉक्स बदलल्यानंतर हे विशेष होतं. फोन करून बॉक्सच्या मेनूतला क्रमांक वाचून दाखवा, त्यांच्याकडच्या नोंदीशी जुळवायला सांगा आणि तक्रार क्रमांक घेतल्याशिवाय फोन ठेवू नका.