जिमनंतरचा शेकर राहू द्या, आधी दिवसाचा हिशेब मांडा

व्यायाम संपल्यावर अर्ध्या तासात प्रोटीन पोटात गेलं नाही तर मेहनत वाया, हे जिममध्ये अजूनही छातीठोकपणे सांगितलं जातं. ते चुकीचं आहे. वजनं उचलल्यानंतर स्नायूंची बांधणी निदान २४ तास वाढलेल्या वेगाने चालू असते. २०१३ मध्ये शोनफेल्ड, अ‍ॅरागॉन आणि क्रीगर या संशोधकांनी या विषयावरचे प्रयोग एकत्र करून तपासले. सुरुवातीला व्यायामाच्या आसपास प्रोटीन घेणाऱ्यांना थोडा फायदा दिसला, पण ते लोक मुळात दिवसभरात जास्त प्रोटीन खात होते. तो फरक हिशेबात घेतल्यावर वेळेचा फायदा उरला नाही.

म्हणून कामाला या क्रमाने लागा.

१. आकडा काढा. वजनाला १.६ ने गुणा. ६५ किलोच्या माणसाला दिवसाला १०४ ग्रॅम. त्याहून जास्त खाल्ल्याने स्नायू वाढण्यात सरासरी फारसा फरक पडत नाही. वजन खूप जास्त असेल तर उंचीला साजेसं वजन धरा. मूत्रपिंडाचा आजार असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हा आकडा वापरू नका.

२. सध्या किती खाता ते मोजा. गाडी अडते ती इथेच.

‘डाळीत २२ टक्के प्रोटीन असतं’ हे खरं आहे, पण कच्च्या डाळीत. वाटीभर वरणात साधारण २५ ग्रॅम डाळ असते, बाकी सगळं पाणी. म्हणजे त्या वाटीतून मिळतात साडेपाच ग्रॅम. लोक मात्र शिजलेल्या वरणाची वाटी दीडशे ग्रॅम भरली की त्याचे २२ टक्के काढून ३३ ग्रॅम लिहून मोकळे होतात. मोड आलेल्या मटकीचं तेच: पाणी पिऊन ती जवळपास दुप्पट जड होते, प्रोटीन तेवढंच राहतं. सोयाबीनच्या वड्यांचंही वजन भिजवण्याआधीच करायचं.

त्यामुळे वजनकाटा ओट्यावर ठेवा आणि पातेल्यात पडण्याआधी कोरडा जिन्नस मोजा. घरच्या चौघांसाठी १०० ग्रॅम डाळ लावली आणि तुम्ही वरणाचा पाव हिस्सा घेतलात, की तुमच्या वाट्याला २५ ग्रॅम. अंदाजाने वाटी मोजू नका. अंदाज नेहमी आपल्याच बाजूने चुकतो.

६५ किलोच्या, शाकाहारी आणि संध्याकाळी ७ ला जिमला जाणाऱ्या माणसाचा दिवस मांडून बघू. सकाळी शेंगदाणे घातलेले पोहे ७ ग्रॅम. दोन वेळचा चहा आणि बिस्किटं ७. दुपारी तीन पोळ्या १०, भाजी २, मटकीची उसळ ७, अर्धी वाटी दही ३. रात्री दोन ज्वारीच्या भाकऱ्या १०, वरण ५, भात ४. बेरीज ५५. जिमनंतर शेकरमध्ये व्हे प्रोटीन पावडरचा एक स्कूप घेतला, तर वर २४, म्हणजे ७९.

हा गडी लॉकर रूममध्येच घाईघाईने शेकर पितो, तरी २५ ग्रॅम कमीच पडतात. तोच स्कूप त्याने दोन तास उशिरा घेतला असता तरी तूट २५ चीच राहिली असती.

३. तूट भरा. दुपारच्या भाजीत ४० ग्रॅम कोरड्या सोयाबीनच्या वड्या म्हणजे २० ग्रॅम, आणि दही दीडशे ग्रॅमने वाढवलं की आणखी ५. पावडर नको असेल तर तिच्या जागी १०० ग्रॅम पनीर आणि पाऊण पेला दूध. अंडी चालत असतील तर चार अंड्यांचे २४ धरा, पिवळा बलक न फेकता. शेंगदाण्यांवर विसंबू नका: २५ ग्रॅम प्रोटीनसाठी १०० ग्रॅम शेंगदाणे खावे लागतात आणि सोबत साडेपाचशेच्या वर कॅलरी येतात.

४. तीन-चार खाण्यांत वाटा. प्रत्येक वेळी २५ ते ३५ ग्रॅम. थोडं पुढेमागे झालं तर चालतं.

५. घड्याळ कधी बघायचं? रात्री ९ ला जेवून सकाळी ६ ला उपाशीपोटी व्यायाम करत असाल तेव्हा. शरीराला नऊ तास प्रोटीन मिळालेलं नसतं, आणि त्यावर नाश्ता ११ वर ढकलला तर अंतर आणखी ताणलं जातं. अशा वेळी व्यायामानंतर तासाभरात २५ ग्रॅम घ्या. पण वरच्या माणसाने संध्याकाळी ५ ला पनीर खाल्लं असेल, तर ७ च्या व्यायामात ते अजून पचतच असतं. त्याने अंघोळ करावी, घरी जावं आणि साडेनऊला निवांत जेवावं.