रक्ताची उलटी झाली तर: आधी सलाईन, मग दुर्बीण, त्यानंतर ॲसिडचं औषध

उलटीत रक्त आलं किंवा शौचाला डांबरासारखी काळी, चिकट झाली, तर १०८ ला फोन करा. रुग्णाला कुशीवर झोपवा, तोंडाने पाणीसुद्धा देऊ नका आणि चालू गोळ्यांची पाकिटं सोबत घ्या. (लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळी होते, पण अशी चिकट नसते.)

समजा, ६२ वर्षांचे आजोबा आहेत. गुडघ्यांसाठी तीन आठवडे डायक्लोफिनॅक ही वेदनाशामक गोळी चालू आहे आणि पहाटे कॉफीच्या चोथ्यासारखी उलटी झाली. नाडी वाढून ११८, बीपी पडून ९०/६०, हिमोग्लोबिन ११. घरचे म्हणतात, "अकरा म्हणजे बरंच आहे की!" इथेच फसायला होतं. रक्त वाहून गेलं तरी उरलेलं सुरुवातीला तेवढंच दाट असतं. काही तासांनी, सलाईन गेल्यावर तोच आकडा ८ वर येतो. म्हणून पहिल्या तासात नाडी आणि बीपीवरच विश्वास ठेवायचा.

दोन्ही हातांना जाड सुया लावून सलाईन सुरू होतं, रक्ताचा नमुना गट जुळवायला जातो. रक्त साधारणपणे हिमोग्लोबिन ७ च्या खाली गेल्यावर चढवतात, हृदयविकार असेल तर थोडं आधी. धो धो रक्तस्राव असेल तर मात्र आकड्याची वाट बघत नाहीत.

याच वेळी डॉक्टर दारू, कावीळ, पोटात पाणी झालं होतं का, हे खोदून विचारतात. लपवू नका. लिव्हर आकसलं असेल तर त्याच्याकडे येणारं रक्त तुंबतं आणि अन्ननलिकेतल्या शिरा फुगून फुटतात. तसा नुसता संशय आला तरी दुर्बिणीआधीच टर्लिप्रेसिनसारखं त्या शिरांतला दाब उतरवणारं औषध आणि अँटिबायोटिक सुरू करतात. अशा रुग्णाला रक्त जास्त चढवलं, तर त्या शिरांतला दाब पुन्हा वाढतो.

बीपी सावरलं की दुर्बिणीची तपासणी, म्हणजे एंडोस्कोपी: एरवी २४ तासांत, शिरांचा संशय असेल तर १२ तासांत. "लगेच दुर्बीण घाला" हा हट्ट समजू शकतो, पण बीपी पडलेलं असताना भूल आणि नळी दोन्ही धोक्याच्या. फुगलेल्या शिरांना रबरी बँड लावतात. आजोबांना निघाला अल्सर, तळाशी रक्त उडवणारी वाहिनी. तिला ॲड्रेनॅलिनचं इंजेक्शन देऊन वर क्लिप लावली. नुसत्या इंजेक्शनवर भागत नाही.

आता पँटोप्राझोलचं, म्हणजे ॲसिड कमी करणाऱ्या औषधाचं, खरं काम. ॲसिडमध्ये रक्ताची गुठळी नीट धरत नाही आणि धरलेली विरघळते. म्हणून क्लिपनंतर ७२ तास मोठ्या डोसमध्ये ते शिरेतून देतात. दुर्बिणीआधीही ते सुरू करतात, पण त्यासाठी दुर्बीण लांबवायची नसते. फुटलेली शीर मात्र त्याने थांबत नाही. तिथे भानगड दाबाची आहे, ॲसिडची नाही.

अल्सरमागे एच. पायलोरी जंतू आहे का, हेही तपासतात. रक्तस्राव चालू असताना ही तपासणी चुकून निगेटिव्ह येऊ शकते. आजोबांची तशीच आली, तर ती नंतर पुन्हा करून घ्यायची, आणि त्याआधी दोन आठवडे पँटोप्राझोल बंद ठेवता येईल का, हे डॉक्टरांना विचारायचं.