घरून कामाच्या धोरणातले अपवाद मी असे सोडवले

आमच्या कंपनीच्या धोरणात नियम एका ओळीचा आणि खाली 'मात्र', 'वगळता', 'विशेष बाब म्हणून' यांची रांग. एचआरमध्ये असल्याने ते सुधारण्याचं काम माझ्याकडे आलं. आधी दिलेल्या सगळ्या परवानग्या एका शीटमध्ये घेऊन प्रत्येकीसमोर खरं कारण लिहिलं. तेव्हा दिसलं, बहुतेक अपवाद माणसांचे नव्हते, कामाच्या स्वरूपाचे होते.

म्हणून पात्रता पदावरून काढून कामावर ठेवली. ज्याला कार्यालयातलं यंत्र, मूळ कागद किंवा समोर ग्राहक लागत नाही, ते काम आठवड्यात 2 दिवस घरून, वेगळी परवानगी न घेता. लेखा विभागात बिलं तपासणं यात बसलं, चेक तयार करणं बसलं नाही. त्यामुळे चेकचे दिवस कार्यालयात.

जास्त दिवस हवे असतील तर थेट वरिष्ठांकडे अर्ज. 3 कामाच्या दिवसांत लेखी उत्तर आलं नाही, तर अर्ज एचआरकडे जातो. नकाराचं कारण लिहावंच लागतं. आजारपणासारख्या खऱ्या अपवादांना शेवटची तारीख घातली. नाहीतर तेच पुढे हक्क बनतात.

प्रसूती रजेनंतरचं घरून काम स्वतंत्र कलमात ठेवलं. 2017 च्या दुरुस्तीने मातृत्व लाभ कायद्यातच त्याची तरतूद आली होती, काम तसं असेल आणि कंपनी व ती कर्मचारी दोघांची संमती असेल तर.